सीमारेषेवरचा झेल: जुना नियम, नवा नियम, केव्हापासून (कामाच्या नोंदी)

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावी दरवर्षी टेनिस बॉल क्रिकेटची स्पर्धा होते. यंदा ती ४ जानेवारीपासून. आज मंडळाच्या भाऊंनी फोनवर एक पीडीएफ धाडली. इंग्रजीत, बारीक अक्षरात. सोबत निरोप: "सर, हे नवीन नियम आले म्हणते. आपल्या पोट्ट्याइले समजन असं एका पानात करून द्या ना."

दुपारी कापसाच्या गाठोड्यावर टेकून दोनदा वाचली. तीत बऱ्याच गोष्टी एकत्र आहेत. एकदिवसीय सामन्यात ३४ षटकांनंतर दोनऐवजी एकच चेंडू ठेवायचा, डोक्याला मार लागला तर बदली खेळाडू कोण ते आधीच सांगून ठेवायचं, आणि बाउंडरीवरचा झेल. आमची मॅच आठ ओव्हरची, चेंडू टेनिसचा. चेंडूची भानगड आम्हाला लागू नाही. बदली खेळाडूचंही आम्ही आमच्या पद्धतीनं बघतो. उरला झेल. तोच एक विषय घ्यायचा असं ठरवलं. भाऊंना सांगितलं तर म्हणाले, "बाकीचं काहून सोडता?" म्हटलं, पानभर नियम भिंतीवर लागला तर कोणी वाचत नाही. एक नियम लागला तर पानठेल्यावर त्याच्यावर भांडण होईल, म्हणजे वाचला जाईल.

वहीत तीन रकाने आखले: जुना नियम, नवा नियम, केव्हापासून.

१२ नोव्हेंबर, बुधवार

जुना नियम लिहायला सगळ्यात सोपा जाईल असं वाटलं होतं. झालं उलटं. बातम्यांत सगळीकडे एवढंच आहे: 'बनी हॉप बंद'. बनी हॉप म्हणजे सशासारख्या उड्या. फिल्डर रेषेच्या बाहेर जाऊन, उडी मारून हवेतल्या हवेत चेंडू पुन्हापुन्हा वर उडवतो, ते. पण हे चालत कसं होतं, ते कोणी सांगत नाही. ते कळल्याशिवाय नेमकं काय बंद झालं, ते कळणार नाही.

सगळं एका वाक्यात अडकलेलं आहे. खेळाचे मूळ कायदे करणाऱ्या एमसीसीच्या नियमांत कलम १९ हे बाउंडरीचं. त्यात म्हटलंय की फिल्डर हवेत असेल तर एकच गोष्ट बघायची: चेंडूला त्याचा पहिला हात लागण्याआधी त्याचे पाय शेवटी कुठे टेकले होते. ती जागा पूर्ण आतली असेल तर ठीक, नाहीतर बाउंडरी.

'पहिला' हा शब्द म्हणजे सगळ्या पळवाटेची गुरुकिल्ली. पहिला स्पर्श आतून झाला की अट पुरी झाली. मग फिल्डर बाहेर गेला, बाहेरूनच उडी मारली, हवेत चेंडू उडवला, बाहेरच उतरला, पुन्हा उडी मारली, तरी नियमाला चालत होतं. कारण प्रत्येक वेळी प्रश्न पहिल्याच स्पर्शाचा. चेंडू हाताला लागलेला असताना शरीर बाहेरच्या जमिनीला टेकलेलं नसलं की झालं.

माझा पहिला मसुदा चाळीसेक शब्दांच्या एका वाक्याचा होता. बायकोनं वाचला आणि म्हणाली, "हे तुम्हालेच समजलं दिसते." तोडून तीन वाक्यं केली:

जुना नियम: चेंडूला पहिला हात लावण्याआधी पाय रेषेच्या आत टेकलेले हवेत. त्यानंतर फिल्डर बाहेर जाऊन, उडीत असताना, चेंडू कितीही वेळा उडवू शकतो. चेंडूला हात लागलेला असताना बाहेरच्या जमिनीला अंग लागलं तर बाउंडरी.

१६ नोव्हेंबर, रविवार

नवा नियम. मी लिहिलं: 'रेषेबाहेर गेल्यावर फिल्डरनं चेंडूला हात लावायचा नाही.' छान, छोटं, सुटसुटीत. आणि चूक.

काका (तीसेक वर्षं तालुक्यात पंचगिरी केलेले) चहा पिता पिता वाचत होते. म्हणाले, "गुरुजी, मंग सूर्याचा झेल बी बाद धरता का तुमी?"

२९ जून २०२४, बार्बाडोस, टी-२० विश्वचषकाची फायनल, शेवटच्या ओव्हरचा पहिला चेंडू. डेव्हिड मिलरचा फटका सूर्यकुमार यादवनं आत पकडला, तोल जातोय म्हणून वर उडवला, बाहेर गेला, परत आत आला आणि झेलला. बाहेर असताना त्यानं चेंडूला हातही लावला नव्हता. म्हणजे माझ्या चुकीच्या वाक्यानं तो झेल रद्द होत नव्हता, पण काकांचा मुद्दा वेगळा होता: वाचणारा पोरगा 'बाहेर गेला' एवढंच लक्षात ठेवील आणि मिलरला नाबाद देऊन मोकळा होईल.

खरी चूक दुसरीच होती. नव्या नियमातही बाहेरून उडी मारून चेंडूला हात लावता येतो. फक्त एकदाच. आणि त्या उडीतून उतरायचं ते आतच. इंग्रजीतलं वाक्य पुन्हा वाचलं: बाहेर गेलेल्या फिल्डरला हवेत असताना एकदाच स्पर्श, आणि त्यानंतर त्या चेंडूवरचा खेळ संपेपर्यंत तो पूर्ण आत.

काका म्हणाले, "एकदा हवेत, मंग आत." चार शब्द. माझ्या अख्ख्या परिच्छेदापेक्षा भारी. तेच मथळ्याला घेतलं.

नवा नियम: पहिल्या स्पर्शाची अट तशीच. बाहेर गेलेल्या फिल्डरला बाहेरून उडी मारून चेंडूला एकदाच हात लावता येईल. त्यानंतर तो आतच उतरला पाहिजे आणि शेवटपर्यंत आतच राहिला पाहिजे. नाहीतर बाउंडरी.

'पहिल्या स्पर्शाची अट तशीच' हे शब्द काकांच्या आग्रहानं घातले. काय बदललं नाही, हेही लिहावं लागतं. नाहीतर वाचणारा जुनं सगळं पुसून टाकतो.

२३ नोव्हेंबर, रविवार

कागद मैदानावर नेला. शाळेचं ग्राउंड, तीन बाजूंना चुन्याची फक्की, चौथ्या बाजूला शेताचा धुरा, म्हणजे बांध. पोट्टे नऊ आले, बाकीचे कापूस वेचायला. कागद वाचायला दिला, मग एकेक प्रसंग करून दाखवला. मी हातानंच चेंडू उंच फेकायचो, आमचा उंच फिल्डर उड्या मारायचा, बाकीचे 'आउट' की 'सिक्स' ते ओरडून सांगायचे.

पहिला प्रसंग सूर्याचा. आत पकडला, उडवला, बाहेर पाय, परत आत, झेल. सगळ्यांनी आउट म्हटलं. बरोबर. दोन्ही नियमांत आउट.

दुसरा: फिल्डर आधीपासूनच बाहेर, तिथून उडी, हवेत पहिला हात, आत उतरून झेल. पाच जण आउट म्हणाले. चूक. हे जुन्यातही सिक्स, नव्यातही सिक्स. पहिला स्पर्श बाहेरून झाला, इथेच संपलं.

तिसरा: आत पहिला हात, तोल जाऊन बाहेर, बाहेरून उडी मारून हवेत चेंडूला एक टपली, उतरला तो आत, झेल. दोन्हींत आउट. इथे बहुतेकांनी सिक्स म्हटलं, कारण त्यांच्या डोक्यात 'बाहेरून उडी बंद' एवढंच बसलं होतं.

चौथा, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय तो: तिसऱ्यासारखंच, पण हवेतल्या टपलीनंतर फिल्डर बाहेरच उतरला, मग आत धावला आणि झेलला. जुन्यात आउट, नव्यात सिक्स. फरक फक्त पाय कुठे उतरले एवढाच.

पाचव्यानं सगळ्यांना फसवलं. दोघांचा झेल. एकानं आतून उडी मारली, हवेत चेंडू आत ढकलला आणि स्वतः बाहेर पडला. आत उभ्या जोडीदारानं झेलला. सात जण म्हणाले सिक्स, कारण 'पहिला तर बाहेर पडला ना'. पण हा दोन्ही नियमांत आउट. उडी आतून मारली होती. चेंडूला हात लावण्याआधी तो बाहेर गेलाच नव्हता. नवा नियम फक्त आधी बाहेर जाऊन, मग तिथून उडी मारणाऱ्याला लागू होतो. २०२० च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या बिग बॅश स्पर्धेत मॅट रेनशॉनं आत पहिला हात लावला, मग बाहेरून उडी मारून आतल्या टॉम बॅन्टनकडे चेंडू ढकलला आणि स्वतः बाहेर उतरला, तेव्हा मॅथ्यू वेड आउट ठरला होता. तो झेल आज नव्या नियमात सिक्स होईल. आमच्या पाचव्या प्रसंगात आणि त्यात फरक एवढाच, की उडी कुठून.

म्हणजे कागदावर दोन प्रश्न हवेत: उडी कुठून? उतरला कुठे? नियमाच्या शब्दांपेक्षा हे दोन प्रश्न पोरांना लवकर पटले.

एक पोरगा, "सर, चेंडूले पायतो का पायाइले?" लाख मोलाचा प्रश्न. अंपायरला कळायचं तर पाय बघायला हवेत, आणि सगळे चेंडूकडे बघतात. पन्नास मीटरवरून बॉलरच्या बाजूच्या अंपायरला पाय दिसत नाहीत. भाऊंना सुचवलं: दोन कोपऱ्यांत एकेक माणूस ठेवा, पायांवर नजर ठेवायला. तेवढं जमेल म्हणाले.

धुऱ्याच्या बाजूला एक वेगळीच अडचण निघाली. फक्कीच्या रेषेत आतली कड हीच सीमा, म्हणजे रेषेवर पाय म्हणजे बाहेर. धुऱ्याला कड कुठली? गवत, माती, ढेकळं. तिथे धुऱ्याच्या अलीकडे फूटभर अंतर सोडून फक्की मारायची, असं ठरवलं.

आणखी एक गोष्ट कागदात राहून गेली होती. हा नियम झेलापुरता नाही. चौकार वाचवताना टप्पा पडलेला चेंडू बाहेरून उड्या मारून आत ढकलला, तरी हेच. फक्त तिथे सिक्सऐवजी चार धावा. एक ओळ वाढवली.

३० नोव्हेंबर, रविवार

तिसरा रकाना, 'केव्हापासून'. इथे अख्खा दिवस गेला.

पीडीएफमध्ये एक तारीख, बातम्यांत दुसरी, भाच्याच्या रीलमध्ये तिसरी. वाटलं कोणीतरी चुकलंय. नीट बसून लावल्यावर कळलं, कोणीच चुकलेलं नाही. एकाच नियमाला दोन घरं आहेत. खेळाचे मूळ कायदे एमसीसीचे. आंतरराष्ट्रीय सामने मात्र आयसीसीच्या स्वतःच्या खेळण्याच्या अटींनी चालतात. आयसीसीनं हा बदल आधी घेतला, आणि त्यांच्या अटी सामन्याच्या प्रकारानुसार लागू झाल्या: कसोटीला १७ जून २०२५ पासून, एकदिवसीयला २ जुलैपासून, टी-२० ला १० जुलैपासून. एमसीसीच्या मूळ कायद्यात मात्र तो १ ऑक्टोबर २०२६ पासून येतोय.

आता आमच्या स्पर्धेचं काय? भाऊंचं पत्रक काढून बघितलं. दरवर्षीचीच ओळ: 'सर्व सामने एमसीसीच्या नियमांप्रमाणे खेळवले जातील.' म्हणजे जानेवारी २०२६ मध्ये आमच्याकडे जुनाच नियम लागू.

काकांना पटेना. "टीव्हीवर पोट्टे नवं पाहून रायले, आन आपन जुनं धरून बसायचं?" भाऊ म्हणाले, नवा लावू मग, एक ओळ बदलायची आहे. स्पर्धेला तसं करता येतं, स्थानिक अट म्हणून लिहून देऊन. पण पत्रकं छापून दहा गावांत वाटून झालीत. आत्ता बदललं तर अर्ध्या संघांकडे जुनं पत्रक, अर्ध्यांकडे नवं. त्यापेक्षा मोठं भांडण नाही. जुना ठेवायचा असं ठरलं.

या वादातून एक कामाची गोष्ट निघाली. वहीत पाच प्रसंगांचा तक्ता पुन्हा बघितला. नव्या नियमात जे आउट आहे, ते जुन्यातही आउट आहेच. उलट खरं नाही. म्हणजे सराव करणाऱ्या पोराला तारखेची चिंताच नाही. 'एकदा हवेत, मंग आत' असं शिकला तर तो कुठल्याही स्पर्धेत, कुठल्याही तारखेला सुरक्षित. तारीख हवी ती पंचाला आणि कॅप्टनला. म्हणून कागद दोन भागांत तोडला. वरचा भाग खेळाडूंसाठी, त्यात तारीख नाही. खालचा पंच-प्रशिक्षकांसाठी, त्यात तारखा.

'केव्हापासून' रकान्याला 'कुठे' असं जोडलं. नुसती तारीख लिहिली असती तर आमच्याच मैदानात चूक झाली असती.

७ डिसेंबर, रविवार

तळेगावला झेरॉक्सच्या दुकानात. टाइप करणाऱ्या पोरानं १ ऑक्टोबर २०२६ चं २०२५ केलं होतं. 'सर, २०२६ तर अजून आलंच नाही,' म्हणून त्यानं स्वतःहून दुरुस्त केलं! त्याच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. आता तारखेपुढे कंसात 'पुढच्या वर्षी' लिहायला लावलं.

शेवटचा मजकूर असा:

एकदा हवेत, मंग आत

खेळाडूंसाठी. चेंडूला पहिला हात लावण्याआधी पाय आत टेकलेले हवेत. बाहेर गेलास तर तिथून उडी मारून एकदाच हात लाव आणि आत उतर. मग बाहेर जाऊ नको. असं केलंस तर झेल कुठेही चालेल.

पंच व प्रशिक्षकांसाठी. जुना नियम: पहिला स्पर्श आतून झाला असेल तर बाहेरून उड्या मारून हवेत कितीही वेळा स्पर्श चालतो, बाहेर उतरला तरी चालतो. नवा नियम: बाहेरून उडी मारून एकच स्पर्श, आणि उतरणं आतच. केव्हापासून आणि कुठे: आंतरराष्ट्रीय सामने, जून-जुलै २०२५ पासून. एमसीसीच्या कायद्यात १ ऑक्टोबर २०२६ पासून (पुढच्या वर्षी). आपली स्पर्धा, जानेवारी २०२६: जुना नियम.

खाली प्रसंग चौथा आणि पाचवा, साध्या चित्रांत. चित्रं मुलीनं काढली. फिल्डरच्या पायाला तिनं चपला घातल्यात, त्या तशाच ठेवल्या.

१४ डिसेंबर, रविवार

प्रशिक्षकांची बैठक. आठ गावांचे आले. मुलींच्या संघाच्या ताईंनी विचारलं, बाहेरून उडी मारून चेंडू जोडीदाराकडे ढकलला, पण आत उतरल्यावर तोल जाऊन परत बाहेर पाय पडला, आणि तोपर्यंत जोडीदाराचा झेल पूर्ण झाला नसेल तर? नव्यात सिक्स, कारण शेवटपर्यंत आत राहायचं आहे. कागदावर 'मग बाहेर जाऊ नको' आहे, पण ती अट झेल पूर्ण होईपर्यंतची, हे त्यात स्पष्ट नाही. पुढच्या छपाईत घालायचं.

एकजण म्हणाला, तारखा कशाला, नवा तोच लिहा ना. त्याच्या समोरच काकांनी पत्रकाची ओळ वाचून दाखवली. गप्प झाला.

४ जानेवारी २०२६, रविवार

स्पर्धेचा पहिला दिवस. तिसऱ्या सामन्यात धुऱ्याच्या बाजूला नेमका चौथा प्रसंग घडला. फिल्डरनं आत चेंडू अडवला, बाहेर गेला, बाहेरून उडी मारून आत टपकवला, बाहेरच उतरला, आत येऊन झेलला. फक्कीच्या कोपऱ्यातल्या पोरानं पाय कुठे पडले ते बरोबर सांगितलं. अंपायरनं आउट दिला.

बॅट्समनच्या बाजूचा कॅप्टन मोबाइल घेऊन धावत आला. त्यात नव्या नियमाचं रील. अंपायरनं खिशातून कागद काढला, शेवटची ओळ दाखवली: आपली स्पर्धा, जुना नियम. कॅप्टननं दोनदा वाचलं आणि म्हणाला, "मंग पुढच्या वर्षी हा सिक्स धरान ना?" काका बाजूलाच होते. "ऑक्टोबरनंतर धरतो. तेव्हाचं पत्रक वाचून ये."

रात्री आमच्या कागदाचा मैदानावर लावलेला फ्लेक्स उतरवताना बघितलं: कोणीतरी 'आपली स्पर्धा, जुना नियम' या ओळीखाली पेनानं दोन रेघा ओढल्यात. सप्टेंबरमध्ये पुन्हा छापताना ती ओळ मोठ्या अक्षरात घ्यायची, आणि ताईंचा मुद्दा घालायचा.